सिमेंटवर फवारणी जास्त टिकते का?

प्रश्न: जळगावात आमच्या घरी डासांची फवारणी केली. सिमेंटच्या भिंतीवर औषध टाइल्स आणि ऑइलपेंटच्या भिंतीपेक्षा जास्त दिवस का टिकतं?

उत्तर: औषधाच्या दृष्टीने बहुतेक वेळा उलटंच असतं. टाइल औषध शोषत नाही, म्हणून ते पृष्ठभागावरच राहतं. पण स्वयंपाकघरातल्या टाइल्स आपण रोज पुसतो, त्यामुळे ते तिथून लवकर जातं. सिमेंटची भिंत कोणी पुसत नाही, म्हणून तिथे टिकल्यासारखं वाटतं.

प्लास्टर सच्छिद्र असतं. पाण्यात मिसळून मारायचं पातळ औषध, म्हणजे इमल्शन, आत मुरतं आणि डासाच्या पायाला लागतच नाही. शिवाय नवं प्लास्टर आणि चुना अल्कधर्मी असल्यामुळे डेल्टामेथ्रिनसारखी औषधं तिथे लवकर विघटित होतात. म्हणून सिमेंटसाठी पाण्यात कालवायची पावडर घ्यावी. पाणी आत शोषलं जातं, कण वर राहतात. डेल्टामेथ्रिन २.५ टक्के पावडरचं सरकारी प्रमाण १० लिटर पाण्यात ४०० ग्रॅम, ५०० चौरस मीटरसाठी. म्हणजे १०० चौरस मीटर भिंतींना २ लिटर पाणी आणि ८० ग्रॅम पावडर पुरते.

भिंतीवरचा पांढरट थर दिसतो म्हणून औषध जिवंत आहे असं समजू नका. आणि दिवाळीला चुना मारायचा असेल तर आधी चुना, तो पूर्ण वाळल्यावर फवारणी. उलट क्रमाने केलं तर औषध चुन्याखाली गाडलं जातं.