बारावा हप्ता पेढीचा, घडणावळ कुणाची?

प्रश्न: आमच्या सराफाकडे ११ महिने ५,००० रुपये भरले की बारावा हप्ता पेढी भरते आणि वर्ष संपलं की ६०,००० चा दागिना घेता येतो. हे म्हणतात, ५५,००० वर ५,००० म्हणजे ९ टक्केच, त्यापेक्षा बँकेत आरडी काढ. पुढच्या वर्षी मुलीसाठी बांगड्या करायच्याच आहेत. भरू का?

उत्तर: यजमानांच्या हिशेबात एक गोष्ट राहून गेली. तुमचे ५५,००० वर्षभर पेढीकडे नसतातच. पहिला हप्ता १२ महिने राहतो आणि अकरावा जेमतेम २, म्हणजे सरासरी ७ महिने. सात महिन्यांत ९.१ टक्के मिळाले तर वर्षाला साधारण साडेपंधरा टक्के पडतात. चक्रवाढीने काढलं तर १६ च्या आसपास. आरडी एवढं देत नाही.

पण हे १६ टक्के तुमच्या हातात रोख येत नाहीत, दागिन्यात येतात, आणि दागिन्याची घडणावळ पेढीच ठरवते. समजा, तुमच्या पेढीची घडणावळ १५ टक्के आहे. ६०,००० मधून ३ टक्के जीएसटी आणि घडणावळ वजा केली की सोनं येतं सुमारे ५०,६५० रुपयांचं. आता तेच हप्ते ६.५ टक्क्यांच्या आरडीत टाकले, तर वर्षाअखेरीस सुमारे ५७,१०० होतात. ते घेऊन १० टक्के घडणावळीच्या दुकानात गेलात तर सोनं येतं सुमारे ५०,४०० रुपयांचं. म्हणजे घडणावळीत पाच टक्क्यांचा फरक असला की पेढीचा बारावा हप्ता जवळजवळ गिळला जातो. दोन्हीकडे घडणावळ सारखी असेल, तर मात्र योजनेत तुम्हाला अडीच हजारांचं सोनं जास्त मिळतं.

तेव्हा हप्ता सुरू करण्याआधी हव्या तशा बांगड्यांची घडणावळ दोन-तीन दुकानांत विचारून या. योजनेच्या ग्राहकाला वेगळी घडणावळ लागते का आणि मध्येच हप्ता चुकला तर बारावा हप्ता मिळतो का, हे पेढीकडून लिहून घ्या. नाण्यावर घडणावळ कमी असते, म्हणून बऱ्याच पेढ्या योजनेत नाणं देतच नाहीत, तेही विचारा. भाव वाढेल का, ही काळजी इथे बाजूला ठेवा. पैसे रुपयांतच साठत असतील, तर आरडीलाही भाववाढ तेवढीच लागते.

राहिली जोखीम. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पेढीकडच्या हप्त्यांना नसतो. २०१९ च्या दिवाळीच्या तोंडावर ठाणे-डोंबिवलीकडच्या एका साखळी पेढीने दालनं बंद केली, तेव्हा हप्ते भरणारेही अडकले. महिना ५,००० चा एक हप्ता मी जुन्या, ओळखीच्या पेढीत भरू देईन. पाच हप्ते एकाच पेढीत नाही.