अटल पेन्शनचे हप्ते थकले, आता काय?

प्रश्न: अंबड एमआयडीसीत कंत्राटी कामगार आहे. तिशीत 5,000 च्या पेन्शनसाठी अटल पेन्शन घेतली, हप्ता 577. काम सुटल्यामुळे 14 महिने भरले नाहीत. आता वय 34. बंद करून नवीन काढू का?

उत्तर: बंद करू नका. नवीन खात्याचा हप्ता आजच्या वयावर ठरतो. 34 व्या वर्षी त्याच पेन्शनला महिना 824 रुपये पडतील. मध्येच बाहेर पडलात तर फक्त तुमचे पैसे आणि त्यांवरचं प्रत्यक्ष उत्पन्न मिळतं, तेही खात्याचा खर्च कापून. पेन्शनची हमी गेलीच. शिवाय मध्यंतरी आयकर भरू लागला असाल, तर 1 ऑक्टोबर 2022 पासूनच्या नियमाने नवीन खातं निघणारच नाही.

दंडाची धास्ती घेऊ नका. दर शंभराला किंवा त्याच्या भागाला महिना 1 रुपया, म्हणजे 577 च्या हप्त्याला महिना 6. सर्वात जुना हप्ता 14 महिने उशिरा, शेवटचा एक महिना, असं धरलं तर दंड साधारण 630 रुपये. हा दंड तुमच्याच पेन्शन निधीत जमा होतो. थकलेले हप्ते 8,078, मिळून सुमारे 8,700.

वेगळा अर्ज बहुधा लागत नाही. जोडलेल्या बचत खात्यात पैसे ठेवले की बँक थकबाकी आपोआप कापते. म्हणून त्याच आठवड्यात घरभाड्याचे पैसे त्या खात्यात ठेवू नका. पुढे 577 झेपत नसतील तर शाखेत पेन्शनची रक्कम कमी करून घ्या. वर्षातून एकदा तशी मुभा आहे.