चार गाद्या, छत्तीस लेकरं, एकच शिक्षक: पुढची कोलांटी आणि कार्टव्हील

प्रश्न: यवतमाळकडची जि. प. शाळा. पाचवी ते सातवीचे ३६ पोट्टे-पोट्टी एकाच तासिकेला, ४० मिनिटं. चार गाद्या आहेत, सहा बाय चार फुटांच्या. मी एकटाच. पुढची कोलांटी आणि कार्टव्हील सुरुवातीपासून कसं शिकवू, गाद्या कशा मांडू अन् आधाराला नेमका कुठं थांबू?

सर, आधी एक गोष्ट ठरवून घ्या: तुमचे हात दोनच आहेत, म्हणून आधार लागणारी जागा एका वेळी एकच ठेवा. बाकी गटांना असं काम द्या की तुमची पाठ असली तरी कुणाची मान अडकणार नाही. सगळी मांडणी यावरून निघते.

पहिल्या आठवड्यात कार्टव्हीलसाठी गादी वापरू नका. मऊ फोमवर तळहात रुततो आणि मनगट मागे जास्त वाकतं. कार्टव्हीलला खडे वेचलेलं, झाडलेलं सपाट मैदान किंवा गवत बरं. त्यामुळे चारही गाद्या कोलांटीला मिळतात.

दोन गाद्या टोकाला टोक लावून सलग मांडा. पहिल्या गादीच्या सुरुवातीच्या टोकाखाली कुटार घट्ट भरलेली पोती सरकवून साधारण १५ ते २० सेंटिमीटरचा उतार करा. त्यावर स्वतः उभं राहून बघा. मध्ये खळगा पडत असेल तर पोती पुन्हा भरा. उतार सपाट जागेकडे उतरला पाहिजे, भिंतीकडे किंवा व्हरांड्याच्या खांबाकडे नाही, आणि शेवटच्या टोकापुढे दोन मीटर मोकळे ठेवा. दोन गाद्यांच्या मधे फट राहिली की बोटं आणि टाचा अडकतात, म्हणून खाली सतरंजी टाका, गाद्या सरकत नाहीत. उरलेल्या दोन गाद्या बाजूला, थोड्या अंतरावर आणि उताराला समांतर. तुम्ही उताराजवळ असं बसा की तिन्ही गट समोर दिसतील. उन्हाळ्यात रेक्झिनची गादी तापते, तेव्हा सकाळचा तास किंवा सावली.

आता बाराचे तीन गट करा, वर्गाप्रमाणे नाही तर उंची आणि वजनाप्रमाणे. पाच मिनिटं अंग मोकळं करणं, मग दर दहा मिनिटांनी जागा बदल. एक गट उतारावर तुमच्यासमोर. दुसरा गट बाजूच्या गाद्यांवर पाळणा करतो: गुडघे छातीशी, हनुवटी छातीला, पाठीवर पुढे-मागे झुलणं. एका गादीवर आडवे तीन, म्हणजे एकदम सहा जण. उरलेले सहा मोजतात. तिसरा गट मैदानावर फक्कीच्या रेषेवरून ससाउड्या मारतो: दोन्ही हात टेकवून दोन्ही पाय रेषेपलीकडे. यातून कार्टव्हीलला लागणारी खांद्याची ताकद तयार होते. उतारावर एकाला वीस सेकंद धरले तर दहा मिनिटांत तीस कोलांट्या होतात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला किमान दोन. पुरेसं आहे.

उतारावर क्रम असा. पाय खांद्याएवढे फाकवून, बसकण घेऊन, हात समोर खांद्याएवढ्या अंतरावर. आता ढुंगण वर, हनुवटी छातीला. नजर स्वतःच्या पोटाकडे. पायाने ढकलायचं, डोक्याची मागची बाजू फक्त हलकी टेकवायची आणि खांद्यांच्या मागच्या भागावर उतरायचं. टाळू गादीला लागता कामा नये. हनुवटी सुटते का हे बघायला हनुवटी आणि छाती यांच्यात रुमाल धरायला सांगा. तो कोलांटीच्या मध्येच पडला तर पुढे जाऊ नका, परत पाळण्यावर पाठवा.

तुम्ही बाजूला, लेकराच्या हातांच्या किंचित पुढे, एक गुडघा टेकून. एक हात डोक्याच्या मागे, फक्त आत वळण्याची दिशा द्यायला. दुसरा हात मांडीच्या मागच्या बाजूला, आणि खरं काम याच हाताचं: तो वजन वर उचलतो, म्हणजे मानेवर भार येत नाही. मान खाली दाबायची नाही आणि मागून ढकलायचं तर कधीच नाही. सातवीच्या मुलींना हात कुठे लागणार ते आधी बोलून विचारा. शक्य असेल तर बाईंना बोलवा. डोक्यामागचा अंबाडा आणि क्लिप, गळ्यातला दोरा, ओढणी हे सगळं आधी काढायचं. अंबाड्यावर कोलांटी गेली की मान एकीकडे वळते.

चुका कानानेही कळतात. धप्प असा आवाज आला म्हणजे पाठ सपाट पडली, गुडघे लवकर उघडले. एका बाजूला गडगडत असेल तर एक कोपर दुमडतंय किंवा एकाच पायाने ढकललंय. उठताना हात मागे टेकत असेल तर ढकल कमी आहे, पाळण्यातून समोर हात पसरून उठायला लावा. उतारावर लागोपाठ तीन बरोबर आल्या की मगच सपाट गादी. अंगाने जड लेकराला उचलायचा प्रयत्न करू नका, त्याला उतारावरच राहू द्या किंवा आडवं लोळणं द्या. डाऊन सिंड्रोम असलेल्या लेकराच्या मानेचे वरचे दोन मणके सैल असू शकतात. डॉक्टरांनी लेखी परवानगी दिल्याशिवाय कोलांटी नाही.

तिसऱ्या आठवड्यात, कोलांटी तुमच्या आधाराशिवाय यायला लागली की, तुम्ही मैदानाकडे सरका. उतार मोडून टाका, कारण आता तिकडे तुम्ही नसणार. गादीवर फक्त पाळणा.

कार्टव्हीलची पहिली पायरी ससाउडीचीच: हात रेषेवर एकामागोमाग एक, पाय कमानीसारखे रेषेपलीकडे, कमान बुटकी असली तरी चालेल. मग मोठ्या गोलाच्या कडेने हात-हात-पाय-पाय असा ताल तोंडाने म्हणत. वळणाऱ्या रेषेवर पाय सरळ वर न्यायचं दडपण नसतं, म्हणून ताल आधी बसतो. त्यानंतर सरळ रेषा. डावा पाय पुढे असेल तर डावा हात आधी, पायापासून लांब, बोटं बाजूला. उजव्याची बोटं पहिल्या हाताकडे वळलेली. हात पायाजवळच टेकला की पाय वर जायला जागाच राहत नाही, आणि लेकरू वाकून बाजूने फिरतं. दोन्ही हात एकदम टेकत असतील तर ताल पुन्हा म्हणायला लावा. कोपर दुमडलं की डोकं आपटतं, तिथे ससाउडीकडे परत.

आधाराला पाठीच्या बाजूने थांबा. डाव्या पायाने निघणारं लेकरू गेलं की त्याची पाठ प्रवासाच्या डाव्या बाजूला येते, म्हणून तुम्हीही डाव्या बाजूला, हात टेकतील त्या जागेशी. पोटाच्या बाजूला थांबलात तर लाथ तोंडावर बसते. हात फुलीसारखे धरा: उजवा हात खालून डाव्या कमरेला, डावा हात वरून उजव्या कमरेला. लेकरू उलटं होताना तुमची फुली आपोआप सुटते आणि कंबर हातातून निसटत नाही. उजव्या पायाने निघणाऱ्यासाठी सगळं उलट. म्हणून डाव्या पायाने आणि उजव्या पायाने निघणाऱ्यांच्या ओळी वेगळ्या लावा, नाहीतर प्रत्येक वेळी तुम्हाला जागा बदलावी लागेल आणि एखाद्या वेळी चुकीच्या बाजूला उभे असाल. प्रत्येकाला एकदा कोणता पाय पुढे येतो ते सहज पाठीमागून हलकेच ढकलून बघा. जो पाय सावरायला पुढे पडतो तोच बहुतेकदा त्याचा असतो.