पैसे कधी येणार, ते आधी लिहा

डिलिव्हरीवाल्यांना पैसे मिळण्याचा वार आणि पैसे काढायची किमान रक्कम बदलतेय, हे कळवणाऱ्या मेसेजचा तुमचा मसुदा ठीक आहे भाऊ, पण पहिलं वाक्य काढा. 'सेवा अधिक सुलभ करण्यासाठी' वाचेपर्यंत हिंगणघाटचा डिलिव्हरीवाला मेसेज बंद करतो. सुरुवातच तारखेनं करा: "सोमवार, 6 तारखेला जुन्या पद्धतीनं पैसे येतील. त्यानंतर गुरुवारी, 16 तारखेला. मग दर गुरुवारी." मधले दहा दिवस लपवू नका, पेट्रोल आणि किराणा त्यावरच ठरतो.

नवख्यांची दुसरी चूक म्हणजे 'किमान रक्कम 300 रुपये' एवढंच लिहिणं. आधी ती 100 होती, त्यामुळे 180 शिल्लक असलेल्याला पैसे बुडाले असं वाटतं. असं लिहा: "180 रुपये असतील तर ते अ‍ॅपमध्येच राहतील, आणखी 120 जमले की काढता येतील." काम सोडणाऱ्याला उरलेले कसे मिळतील, ते मात्र हिशेब विभागाला विचारूनच टाका.