जेवताना घास छातीत अडकतो, एंडोस्कोपी नॉर्मल आली तरी? ईओईबद्दल माझं उत्तर

प्रश्न: वय २६. गेली तीनेक वर्षं चिकन, पोळी, कोरडा भात खाताना घास छातीच्या मध्ये अडकतो, पाणी पिऊन खाली ढकलावा लागतो. एंडोस्कोपी नॉर्मल आली, अॅसिडिटीची गोळी चालू आहे पण फरक नाही. डॉक्टर टेन्शन म्हणतात. लहानपणी दमा होता. अजून काय असू शकतं?

सगळ्यात आधी एंडोस्कोपीचा रिपोर्ट परत काढा आणि बायोप्सी कुठून घेतली ते बघा. बऱ्याचदा पोटातून एक तुकडा घेतात, एच. पायलोरी हा जंतू बघायला, आणि अन्ननलिकेतून काहीच घेत नाहीत कारण ती वरून ठीक दिसत असते. तुमचं वय, फक्त घट्ट अन्न अडकणं आणि लहानपणचा दमा हे तिन्ही एकत्र बघितलं तर इओसिनोफिलिक इसोफॅजायटिस, म्हणजे ईओई, आहे की नाही हे तपासायलाच हवं, आणि तो नुसत्या डोळ्यांनी बघून नाकारता येत नाही, तुकडा मायक्रोस्कोपखालीच बघावा लागतो.

मलाही हेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. यात अन्नातल्या एखाद्या प्रोटीनला चिडून अन्ननलिकेच्या अस्तरात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जमतात, ज्या तिथे एरवी नसतात. आधी नुसती सूज असते, पण वर्षानुवर्षं तशीच राहिली की आत वण धरतो, नळी कडक आणि अरुंद होते आणि कधी कधी वॉशिंग मशीनच्या पाइपसारख्या वळ्या दिसतात. माझ्या पहिल्या एंडोस्कोपीतही "नॉर्मल" लिहिलेलं होतं. दुसऱ्या डॉक्टरांनी मला दोनच गोष्टी विचारल्या, जेवायला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो का आणि प्रत्येक घासाला पाणी लागतं का? दोन्हीला हो होतं. अशी माणसं घास बारीक करतात, खूप चावतात, मटण टाळतात, पोळी वरणात भिजवूनच खातात आणि त्याची इतकी सवय होते की आपल्याला त्रास आहे हेच कोणाला सांगत नाहीत.

तर परत एंडोस्कोपी करायची ठरली तर आधीच सांगून ठेवा की अन्ननलिकेतून किमान ६ तुकडे घ्या, वरच्या आणि खालच्या भागातून वेगवेगळे. या पेशी सगळीकडे सारख्या पसरलेल्या नसतात, एका जागचा तुकडा साफ आणि दोन इंच वर भरलेला असं होतं. रिपोर्टमध्ये "सूज आहे" एवढंच नको, मायक्रोस्कोपच्या एका हाय पॉवर फील्डमध्ये, म्हणजे मोठं करून एका वेळी दिसणाऱ्या भागात, किती इओसिनोफिल दिसले तो आकडा हवा, १५ किंवा जास्त असेल तर ईओई धरतात (अर्थात दुसरं कारण नाही हे बघून). आणि अॅसिडिटीच्या गोळीनेच काही लोकांत या पेशी कमी होतात, त्यामुळे गोळी चालू असताना तपासलं तर आजार लपू शकतो. निदानासाठी साधारण ३ आठवडे आधी गोळी बंद ठेवतात, पण ती कधी बंद करायची ते तुमच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

माझा आकडा वरच्या भागात ६० आणि खाली ४५ आला. पहिला उपाय म्हणून अॅसिडिटीचीच गोळी दिली, पण दिवसातून दोनदा आणि ८ आठवडे, कारण ईओईमध्ये जवळपास निम्म्या लोकांना तेवढ्याने फरक पडतो. मला नाही पडला, बायोप्सीत ४१ आले.

मग डाएट. अॅलर्जीची रक्ताची किंवा कातडीवरची टेस्ट करून अन्न बंद करायचं असं बरेच जण सांगतील, त्यावर पैसे घालवू नका, ईओईमध्ये कुठलं अन्न दोषी आहे ते त्या टेस्टने नीट कळत नाही. ते अन्न बंद करून, थांबून, परत बायोप्सी करूनच कळतं. जुनी पद्धत एकदम ६ गोष्टी बंद करायची, दूध, गहू, अंडी, सोया, शेंगदाण्यासकट सगळे नट्स आणि मासे. आता बरेच डॉक्टर फक्त दुधापासून सुरुवात करतात. २०२३ साली छापून आलेल्या अमेरिकेतल्या एका ट्रायलमध्ये ६ आठवड्यांनी नुसतं दूध सोडणाऱ्यांपैकी ३४ टक्के आणि सहाही सोडणाऱ्यांपैकी ४० टक्के लोकांची बायोप्सी सुधारली, म्हणजे फार फरक नव्हता.

मी दूध बंद केलं आणि गिळणं इतकं सुधारलं की मला वाटलं झालं, सुटलो. बायोप्सीत ३५! हे मुद्दाम सांगतोय, कारण या आजारात बरं वाटणं आणि आतून बरं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नळी अरुंद होत राहते ती आतल्या सुजेमुळे. मग दूध आणि गहू दोन्ही बंद, तेव्हा ३ आले. त्यानंतर फक्त दूध परत सुरू करून तपासलं तर ५, म्हणजे दूध निर्दोष आणि माझा शत्रू गहू. प्रत्येक बदलानंतर ८ आठवडे आणि मग बायोप्सी, कंटाळवाणं आहे, खर्चिकही आहे, पण दोन गोष्टी एकदम परत सुरू केल्या तर काहीच कळत नाही.

आपल्याकडे गहू सोडणं त्यातल्या त्यात सोपं, ज्वारी-बाजरी-नाचणीची भाकरी आहे, तांदूळ आहे. पण लपलेला गहू बघा. रवा, शेवया, मैदा कळतो, पण थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो आणि डबीतल्या हिंगातही बऱ्याचदा मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, पाकिटावर वाचा. दूध सोडायचं असेल तर म्हशीचं आणि शेळीचंही बंद, ताक, खवा, तूप, बिस्किटातली दूध पावडर सगळंच.

डाएट जमत नसेल तर गिळायचं स्टेरॉइड. माझं फिरतीचं काम सुरू झालं, बाहेरचं खाणं वाढलं, त्रास परत आला तेव्हा मी यावर गेलो. नेब्युलायझरसाठी मिळणारं बुडेसोनाइडचं लिक्विड थोड्या मधात घट्ट कालवून हळूहळू गिळायचं, मोठ्यांना साधारण १ मिलिग्रॅम सकाळी आणि १ रात्री, डोस अर्थात डॉक्टरच ठरवतील. घट्ट अशासाठी की औषध अन्ननलिकेच्या भिंतीला चिकटून राहावं, पातळ असेल तर सरळ पोटात जातं. म्हणूनच जेवण झाल्यावर घ्यायचं आणि पुढे अर्धा तास पाणीसुद्धा नाही, फक्त चूळ भरून थुंकायची. काही जणांना फ्लुटिकासोनचा पंप देतात, तो स्पेसर न लावता तोंडात मारून गिळायचा, श्वासात ओढायचा नाही. तोंडात पांढरे डाग आले किंवा गिळताना दुखायला लागलं तर ते बुरशीचं इन्फेक्शन असू शकतं, कळवा, त्यावर औषध आहे. आणि बरं वाटलं म्हणून बंद केलं तर आजार बहुतेकांत परत येतो, त्यामुळे किती डोसवर टिकायचं हे परत बायोप्सी बघूनच ठरतं.

नळी आधीच अरुंद झाली असेल तर औषधाने सूज जाते पण जुना वण राहतो, तेव्हा एंडोस्कोपीतून फुगा घालून ती हळूहळू रुंद करतात. त्यानंतर एक-दोन दिवस छातीत दुखतं. आणि फुग्याने नुसती वाट मोकळी होते, सूज तशीच राहते, म्हणून औषध किंवा डाएट चालू ठेवावंच लागतं.

घास पूर्ण अडकला आणि स्वतःची थुंकीही गिळता येत नसेल तर घरी पाणी पीत बसू नका, बोटं घालून उलटी काढू नका, त्या जोराने अन्ननलिका फाटू शकते. लगेच हॉस्पिटल गाठा, तासाभरात जेवढं लवकर जमेल तेवढं, आणि घास काढताना त्याच वेळी अन्ननलिकेचे तुकडेही घ्यायला सांगा, कारण घास निघाला की सगळे घरी पाठवतात आणि निदान परत लांबतं.