आईची जेवणानंतरची शुगर घरच्या मशीनवर 214 आली, त्याच वेळी लॅबमध्ये 182. मशीन खराब आहे का? (परभणी)

एवढ्यावरून मशीनला दोष देता येणार नाही. जेवणानंतर बोटातल्या रक्तात साखर शिरेतल्या रक्तापेक्षा जास्तच असते, कारण रक्त शिरेत पोचेपर्यंत स्नायूंनी वगैरे त्यातली थोडी उचललेली असते. 20-30 चा फरक त्यातच निघतो. उपाशीपोटी तो जवळपास मिटतो.

म्हणून मशीन तपासायचं तर उपाशीपोटीच. लॅबमध्ये रक्त काढलं की लगेच, धुऊन कोरड्या केलेल्या बोटावर टोचा. आंतरराष्ट्रीय निकषानुसार लॅबचा आकडा 100 किंवा जास्त असेल तर 15 टक्के, 100 च्या खाली असेल तर 15 अंक इकडेतिकडे चालतात. म्हणजे लॅबचे 140 असतील तर मशीनचे 119 ते 161 ठीक. वीसात एखादं रीडिंग याबाहेर जाणं निकषालाही मान्य आहे, तेव्हा एकदा पुन्हा करून बघा.

लॅबही दरवेळी बरोबर असते असं नाही. गावात घेतलेला नमुना साध्या नळीत शहरापर्यंत गेला, तर रक्तपेशी तासाला 5-7 टक्के साखर खातात. आपल्याकडच्या मे महिन्यात त्याहून जास्त. आणि आईचं हिमोग्लोबिन कमी असेल तर बरीच मशीनं साखर वाढवून दाखवतात, तेही बघून घ्या.