उसातलं गवत ओळखण्यासाठी हे फोटो पाठवा

प्रश्न : साहेब, आडसाली उसात हे गवत दाट झालंय. दोनदा खुरपलं, तरी आठवड्यात परत वर येतं. फोटो पाठवलाय. गवत कोणतं आणि औषध कोणतं मारू?

उत्तर : फोटोत हिरवी पाती तेवढी दिसतात, तीही हललेली. खुरपूनही लगेच उगवतं यावरून मला लव्हाळ्याचा संशय आहे, पण हराळीही अशीच परत फुटते. औषध सांगण्याआधी या दोघांतलं कोणतं ते पक्कं व्हायला हवं. लव्हाळ्यासाठी उसात हॅलोसल्फ्युरॉन मिथाईल ७५ टक्के एकरी ३६ ग्रॅम वापरतात, पण त्याने हराळी जळत नाही. ओळख चुकली तर औषध आणि मजुरी दोन्ही वाया जातील.

सगळ्यात महत्त्वाचा फोटो मुळांचा. गवत उपटू नका. उपटलं की दांडा हातात येतो आणि गाठी मातीतच राहतात. कुदळीने वीतभर खोल ढेकूळ काढा, बादलीत बुडवून माती हळूच सुटू द्या आणि झाड पांढऱ्या पोत्यावर ठेवून फोटो काढा. दोऱ्यासारख्या मुळांवर ओळीने काळपट गाठी दिसल्या तर तो लव्हाळा. खुरपलं की या गाठींतूनच नवे कोंब येतात. गाठी नसून आडव्या पसरलेल्या कांड्या आणि प्रत्येक पेराला मुळ्या असतील तर हराळी समजा.

दुसरा फोटो दांड्याचा. ज्या दांड्याला तुरा आलाय तो ब्लेडने आडवा कापा आणि कापलेलं तोंड जवळून टिपा. लव्हाळ्याचा दांडा तीन धारांचा आणि आतून भरीव असतो. बोटांत फिरवला तरी धारा लागतात. गवताचा गोल किंवा चपटा असतो, त्याला पेरं असतात. पानाच्या बुडाशी जिभली दिसत नाही, एवढ्यावरून लव्हाळा ठरवू नका. सावा हे गवत असूनही त्याला जिभली नसते. तुऱ्याचाही एक फोटो हवा. लव्हाळ्याचा तुरा तांबूस-तपकिरी असतो. पिवळसर असेल तर तो त्याचाच दुसरा भाऊबंद असू शकतो.

फोटो सकाळी, वारा पडलेला असताना काढा. मोबाईल वीतभर लांब धरा, स्क्रीनवर झाडाला बोट लावा, चित्र स्पष्ट झालं की मगच बटण दाबा. शेजारी एखादं नाणं ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर बारकावे पुसले जातात.

सोबत ऊस किती दिवसांचा आहे, गवताला किती पानं आहेत आणि सरीत आंतरपीक आहे का ते लिहा. सोयाबीन, भुईमूग किंवा भाजीपाला असेल तर हे औषध त्यांनाही मारक ठरू शकतं. माझं उत्तर येईपर्यंत फवारणी करू नका.